बँकेतून गेले, ट्रेडिंग खात्यात दिसेनात

शेअर बाजार सव्वानऊला उघडतो आणि त्याआधीच्या दहा मिनिटांत ब्रोकरच्या ॲपवर पैसे भरणाऱ्यांची घाई उडते. त्याच वेळी काहींच्या नशिबी येतो तो ओळखीचा प्रसंग. बँकेचा मेसेज सांगतो की पन्नास हजार कट झाले. ॲपवर मात्र उपलब्ध रक्कम जिथल्या तिथे, कालची तीनशे बारा रुपये. पान दोनदा रिफ्रेश होते, ॲप बंद करून पुन्हा उघडले जाते, आणि मग कस्टमर केअरच्या रांगेत गाणे ऐकत बसण्याची वेळ येते.

हे पैसे सहसा बुडालेले नसतात, वाटेत कुठेतरी थांबलेले असतात. थांबण्याच्या जागा मोजक्या आहेत आणि प्रत्येक जागेची खूण वेगळी आहे. पहिली जागा म्हणजे पैसे पाठवणारी बँक आणि मधली पेमेंट यंत्रणा. दुसरी म्हणजे ब्रोकरचे बँक खाते, जिथे रक्कम पोहोचते पण ती कोणाची हे ब्रोकरला कळत नाही किंवा चालत नाही. तिसरी जागा फसवी असते. तिथे पैसे ग्राहकाच्या नावावर जमाही झालेले असतात, पण आधीच्या देण्यात किंवा अडकलेल्या ऑर्डरमध्ये जिरून गेलेले असतात. आपले पैसे यांपैकी कुठे आहेत ते न ठरवता ‘माझे पैसे आले नाहीत’ एवढेच लिहून तक्रार केली, तर उत्तरही ‘आम्ही तपासत आहोत’ एवढेच येते.

शोधाची सुरुवात ब्रोकरच्या ॲपपासून होत नाही, बँकेच्या स्टेटमेंटपासून होते. मेसेजवर विसंबू नये, कारण पैसे कट झाल्याचा मेसेज येतो आणि दोन मिनिटांनी ते परत आल्याचा मेसेज कधी येतो, कधी येत नाही. स्टेटमेंटमध्ये दोन गोष्टी पाहायच्या: नावे पडलेली नोंद, आणि तिच्याखाली तेवढ्याच रकमेची उलट जमा नोंद आहे का. उलट नोंद असेल तर विषय तिथेच संपतो, पैसे घरी परतलेत. नसेल तर त्या नोंदीतला व्यवहार क्रमांक उतरवून घ्यायचा. बँकेच्या भाषेत तो यूटीआर किंवा आरआरएन. पुढचा सगळा तपास या एका क्रमांकावर चालतो.

या क्रमांकाकडे नीट पाहिले तर तो बरेच काही सांगतो. यूपीआय आणि आयएमपीएसचा क्रमांक 12 आकडी असतो. त्यातला पहिला आकडा बहुतेक वेळा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन त्या वर्षातला कितवा दिवस ते दाखवतात. 16 जून 2025 हा वर्षातला 167वा दिवस होता, म्हणून त्या दिवशीचा क्रमांक `5167` ने सुरू झालेला दिसतो. एनईएफटीचा क्रमांक 16 अक्षरांचा, तर आरटीजीएसचा 22 अक्षरांचा. आरटीजीएसमध्ये सुरुवातीची चार अक्षरे बँकेची, आणि पुढे तारीख चक्क उघडी लिहिलेली असते, उदाहरणार्थ `SBINR52025061612345678`. ग्राहकाने दिलेला क्रमांक नऊ आकडी निघाला किंवा त्यात यूपीआय ॲपने स्वतःपुरता दिलेला लांबलचक ऑर्डर नंबर आला, की ब्रोकरकडचा माणूस तो शोधून दमतो आणि ‘असा व्यवहार सापडत नाही’ असे कळवून मोकळा होतो. निम्म्या तक्रारी इथेच लांबत असतील, असे म्हणायला हरकत नाही.

आता यूपीआयचे प्रकरण. समजा, सांगलीतल्या एका गुंतवणूकदाराने सोमवारी, 16 जून 2025 रोजी सकाळी 9 वाजून 5 मिनिटांनी ब्रोकरच्या ॲपमधून यूपीआयने 50,000 रुपये भरले. बँकेने पैसे कापले, ब्रोकरच्या ॲपवर `Pending` अशी अक्षरे आली. पैसे भरणे वरवर एका क्षणाचे काम दिसते. प्रत्यक्षात ब्रोकरने नेमलेला पेमेंट गेटवे, यूपीआय ॲपमागची बँक, एनपीसीआयची यंत्रणा, ग्राहकाची बँक आणि ब्रोकरची बँक असा निरोपांचा फेरा पूर्ण व्हावा लागतो. ग्राहकाच्या बँकेने खाते कापले आणि ‘कापले’ हा निरोप परत यायला उशीर झाला, किंवा गेटवेला निरोप मिळाला पण त्याच्याकडून ब्रोकरच्या संगणकाला मिळाला नाही, तर पैसे आणि बातमी यांची ताटातूट होते. ब्रोकरचा संगणक बातमीवर चालतो, त्यामुळे बातमी नसेल तर लिमिट नाही.

अशा वेळी ग्राहकाने 12 आकडी क्रमांक ब्रोकरला द्यायचा आणि एकच प्रश्न विचारायचा: गेटवेच्या अहवालात हा क्रमांक आहे का? असेल, तर पैसे पोहोचलेत आणि फक्त जमा दाखवायचे राहिलेत. नसेल, तर ते बँकेच्या बाजूला अडकलेत आणि तक्रार यूपीआय ॲपमधून किंवा स्वतःच्या बँकेकडे करायची. रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात यासाठी मुदती घालून दिल्या आहेत. व्यापाऱ्याला केलेल्या यूपीआय पेमेंटमध्ये पैसे कापले गेले आणि व्यापाऱ्याला खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने न मागता. हे दिवस कॅलेंडरचे आहेत, सुट्ट्या वगळायच्या नाहीत. म्हणजे 16 जूनचा व्यवहार 21 जूनपर्यंत सुटायला हवा आणि 22 तारखेपासून भरपाईचे मीटर चालू. व्यक्तीला पाठवलेल्या यूपीआयसाठी आणि आयएमपीएससाठी हीच मुदत पाच दिवसांऐवजी एक दिवस आहे. ब्रोकरला भरलेले पैसे सहसा व्यापारी व्यवहारात मोडतात, हे लक्षात न घेता दुसऱ्याच दिवशी भरपाई मागणारे बरेच भेटतात.

दरम्यान बाजार तर उघडला आहे. पुन्हा पैसे पाठवावेत का? हातात दुसरी रक्कम असेल तर पाठवायला अडचण नाही. पहिली नंतर जमा झाली तरी ती खात्यात राहते आणि काढून घेता येते. पण पहिली रक्कम लगेच परत येईल हे गृहीत धरून दुसरी पाठवू नये. महिनाअखेरचा घराचा हप्ता त्याच खात्यातून जाणार असेल तर या घाईची किंमत हप्ता परत जाण्याने मोजावी लागते. कधी कधी चूक कुणा एकाची नसते, सगळीच यंत्रणा आजारी असते. 26 मार्च आणि 12 एप्रिल 2025 रोजी यूपीआय देशभर अडखळले होते. अशा दिवशी तासाभरात चार वेळा पैसे पाठवणारा चार रकमा अडकवून बसतो.

दुसरी जागा जास्त गुंतागुंतीची, आणि महाराष्ट्रातल्या वाचकांना जास्त जवळची. एनईएफटी, आरटीजीएस किंवा आयएमपीएसने ब्रोकरच्या खात्यात थेट पैसे पाठवले, की बातमी गेटवेकडून येत नाही. ब्रोकरची बँक त्याला कळवते: अमुक रक्कम आली, पाठवणाऱ्याचे नाव अमुक, खाते क्रमांक अमुक. ब्रोकरचा संगणक तो खाते क्रमांक आपल्या ग्राहकांनी नोंदवलेल्या खात्यांशी जुळवतो. जुळला तर जमा, नाही जुळला तर रक्कम बाजूला.

ही जुळवाजुळव हौसेखातर नाही. ग्राहकाच्या स्वतःच्या खात्यातूनच पैसे घ्यायचे, तिऱ्हाइताकडून नाही, असे बंधन सेबीने 2003 पासून ब्रोकरवर घातलेले आहे. नवऱ्याच्या ट्रेडिंग खात्यात बायकोच्या बँक खात्यातून, मुलाच्या खात्यात वडिलांच्या खात्यातून, मालकाच्या खात्यात त्याच्या फर्मच्या चालू खात्यातून आलेले पैसे ब्रोकरला परतच करावे लागतात. घरातले पैसे घरातच, असे आपल्याला वाटते, पण कायद्याच्या नजरेत ते परक्याचे पैसे असतात.

एक प्रकरण पुरते उलगडून पाहू. पती-पत्नीचे संयुक्त बचत खाते, त्यात पत्नीचे नाव पहिले. ट्रेडिंग खाते एकट्या पतीचे. पतीने नेट बँकिंगने 60,000 रुपये एनईएफटी केले. पैसे ब्रोकरच्या बँकेत पोहोचले, पण सोबत पाठवणारी म्हणून पत्नीचे नाव गेले. संयुक्त खाते ब्रोकरकडे नोंदवलेले नव्हते, म्हणून ब्रोकरने ते नाकारले. पतीने आपल्या बँकेकडे चौकशी केली. बँक म्हणाली, ‘समोरच्या खात्यात जमा झाले.’ ब्रोकरचा कस्टमर केअर म्हणाला, ‘तुमच्या खात्यात काही दिसत नाही.’ दोघेही खरे बोलत होते. चार दिवसांनी पैसे परत आले ते ब्रोकरने स्वतंत्रपणे पाठवलेल्या नव्या व्यवहाराने, नव्या यूटीआरने. जुना क्रमांक घेऊन स्टेटमेंट धुंडाळणाऱ्या पतीला ती नोंद आणखी दोन दिवस सापडलीच नाही. उपाय सोपा होता. रद्द केलेला चेक किंवा दोघांची नावे दाखवणारे स्टेटमेंट देऊन ते खाते ब्रोकरच्या प्रोफाइलमध्ये आधीच जोडून घ्यायचे. एकाहून जास्त बँक खाती जोडता येतात, आणि संयुक्त खात्याबद्दल आपल्या ब्रोकरचा नियम काय हे पैसे पाठवण्याआधी विचारलेले बरे.

कधी नाव बरोबर असते, पण खाते क्रमांकच जुळत नाही. देना बँक 1 एप्रिल 2019 रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली आणि पुढे तिच्या ग्राहकांचे खाते क्रमांक बदलले. ब्रोकरकडे जुनाच क्रमांक नोंदलेला असेल तर नव्या क्रमांकावरून आलेले पैसे संगणकाला अनोळखी वाटणारच.

नागरी सहकारी बँकांच्या खातेदारांची गोष्ट याहून निराळी. यांतल्या अनेक लहान बँका एनईएफटीच्या थेट सभासद नसतात, एखाद्या मोठ्या बँकेमार्फत व्यवहार करतात. त्यामुळे काही वेळा ब्रोकरकडे पोहोचणाऱ्या निरोपात खातेदाराचे नाव अर्धवट असते किंवा मधल्या बँकेचे नाव आलेले असते. मग माणसाने बसून, ग्राहकाने दिलेले स्टेटमेंट पाहून, हाताने ते पैसे ओळखावे लागतात. आणि मागची तांत्रिक कंपनी कोलमडली तर थेट वाटच बंद होते. 31 जुलै 2024 रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाल्याचे समोर आले. सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना सेवा देणाऱ्या या कंपनीला एनपीसीआयने आपल्या यंत्रणेपासून तात्पुरते तोडले आणि सुमारे तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसारखे व्यवहार थांबले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. त्या एका दिवशी ब्रोकरला दोष देणाऱ्या ग्राहकाला आपल्या बँकेचे नाव त्या यादीत आहे हे कळायला मार्ग नव्हता.

एनईएफटीच्या वेळेबद्दलही एक गैरसमज आहे. 16 डिसेंबर 2019 पासून ही सेवा चोवीस तास चालते, पण ती दर अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी. 9 वाजून 5 मिनिटांनी पाठवलेले पैसे साडेनऊच्या तुकडीत जातात, आणि तुकडी सुटल्यापासून दोन तासांत ते जमा करण्याची किंवा परत पाठवण्याची मुभा समोरच्या बँकेला आहे. म्हणजे साडेअकरापर्यंत वाट पाहणे नियमातच बसते. सव्वानऊच्या खरेदीसाठी पाच मिनिटे आधी एनईएफटी करणे म्हणजे अपेक्षाच चुकीची.

थेट पैसे पाठवताना खाते कोणाच्या नावावर आहे हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे. 2019 मध्ये कार्वी स्टॉक ब्रोकिंगने ग्राहकांचे शेअर गहाण टाकल्याचे प्रकरण उघड झाले. त्यानंतरच्या सुधारणांच्या ओघात सेबीने जून 2023 मध्ये ग्राहकांचे पैसे रोज क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे वर पाठवण्याची व्यवस्था आणली. ग्राहकाकडून पैसे घेण्याच्या ब्रोकरच्या खात्याच्या नावात आता `USCNB` ही अक्षरे असतात. एप्रिल 2025 पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करण्याआधी खातेदाराचे नाव पडद्यावर पाहण्याची सोयही आली आहे. यूपीआयसाठी ऑक्टोबर 2025 पासून ब्रोकरांना `.brk` आणि `@valid` असलेले वेगळे पत्ते दिले गेले आहेत. तिथे एखाद्या व्यक्तीचे किंवा अनोळखी ट्रेडिंग कंपनीचे नाव दिसले तर थांबावे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून आलेल्या बनावट ॲपमध्ये तर उलटाच प्रकार असतो. तिथे पैसे लगेच दिसतात, दुप्पटही होतात, पण काढायला गेले की आधी ‘कर’ भरायला सांगतात. त्या वेळी ब्रोकरशी बोलण्यात वेळ घालवू नये. 1930 या क्रमांकावर आणि cybercrime.gov.in वर लगेच तक्रार नोंदवावी, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधीचे तास मोलाचे असतात.

आता तिसरी जागा. पैसे ब्रोकरच्या लेजरमध्ये जमा आहेत, तरी `Available margin` मध्ये कमी दिसतात. लेजर म्हणजे ग्राहक आणि ब्रोकर यांच्यातला हिशेब. पडद्यावर दिसते ती उपलब्ध रक्कम त्या हिशेबातून अडकलेले पैसे वजा केल्यावर उरलेली असते. समजा, दहा दिवसांपूर्वीच्या ऑप्शनच्या सौद्यात तोटा होऊन एकाच्या लेजरवर 8,400 रुपये देणे निघाले होते. ब्रोकर अशा देण्यावर व्याज लावतो. ते वर्षाला 18 टक्के धरले तर दहा दिवसांचे सुमारे 41 रुपये. त्याने 30,000 रुपये भरले. लेजरवर उरले 21,559. शिवाय सकाळी 140 रुपये दराने 40 शेअर घेण्याची लिमिट ऑर्डर टाकून ठेवलेली, तिच्यात अडकले 5,600. पडद्यावर दिसले 15,959 रुपये. त्याने तक्रार केली की 14,000 रुपये गायब झाले. गायब काहीच झाले नव्हते. ऑर्डर रद्द केली असती तर 5,600 लगेच मोकळे झाले असते.

म्हणून ब्रोकरच्या ॲपमध्ये लेजर उघडून जमा नोंद शोधणे ही पहिली पायरी. नोंद असेल तर प्रश्न पेमेंटचा नाही, वजाबाकीचा आहे. काही ब्रोकरांकडे कमोडिटीसाठीची रक्कम वेगळ्या रकान्यात दिसते, तीही पाहून घ्यावी. शुक्रवारचे एक कोडेही इथेच सुटते. ग्राहकाने न वापरलेले पैसे ठरावीक काळाने बँकेत परत पाठवणे सेबीने ब्रोकरला बंधनकारक केले आहे. हे काम महिन्याच्या किंवा तिमाहीच्या पहिल्या शुक्रवारी किंवा शनिवारी होते. जानेवारी, एप्रिल, जुलै किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याअखेर ट्रेडिंग खाते शून्य दिसले, तर बँक खाते तपासावे. पैसे बहुधा तिथे आलेले असतात.

तक्रार लिहायचीच झाली तर स्क्रीनशॉटवर भागवू नये. हिरव्या बरोबरच्या खुणेचे चित्र पैसे कापले एवढेच सांगते, कोणाच्या खात्यातून ते सांगत नाही. बँकेच्या स्टेटमेंटचे पीडीएफ पान जोडावे, ज्यावर खातेदाराचे नाव, पूर्ण खाते क्रमांक आणि ती नोंद एकत्र दिसते. सोबत रक्कम, तारीख, वेळ, पैसे कोणत्या मार्गाने पाठवले, कोणत्या खात्यात किंवा यूपीआय पत्त्यावर, आणि ट्रेडिंग खात्याचा क्लायंट कोड. पिन, ओटीपी आणि पासवर्ड कोणालाही नाही, ब्रोकरचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही. समाजमाध्यमांवर कंपनीच्या नावाखाली तक्रार टाकली की दहा मिनिटांत ‘मदत’ करायला येणारे खोटे खाते हा तर ठरलेलाच सापळा आहे.

दार कोणते ठोठवायचे, हे पैसे कुठे थांबलेत त्यावर ठरते. बँकेच्या बाजूला अडकले असतील तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, आणि तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर. रक्कम ब्रोकरच्या खात्यात पोहोचल्याचा बँकेचा लेखी पुरावा हातात असेल आणि ब्रोकर ना जमा करतो ना परत देतो, तर scores.sebi.gov.in वर. तिथे ब्रोकरला 21 दिवसांत उत्तर द्यावे लागते. ते पटले नाही तर पंधरा दिवसांत फेरतपासणी मागता येते, आणि त्यापुढे smartodr.in वर ऑनलाइन तडजोड आणि लवादाचा मार्ग आहे. बँक ‘जमा झाले’ म्हणते आणि ब्रोकर ‘आले नाहीत’ म्हणतो, अशा पेचात बँकेला फक्त ‘व्यवहार यशस्वी’ असे न लिहिता, समोरच्या बँकेने कोणत्या खाते क्रमांकात, कोणत्या तारखेला आणि किती वाजता जमा केले ते लिहून द्यायला सांगावे. तो कागद ब्रोकरच्या त्या दिवसाच्या बँक स्टेटमेंटसमोर ठेवला, की उत्तर दोहोंपैकी एकच उरते: रक्कम तिथे आहे, किंवा खाते क्रमांक लिहिताना एक आकडा चुकला आहे.